ऑक्टोबर बुडाला की दिवाळी सरकली? महिन्याच्या ऑर्डरींतून कल, हंगाम आणि अनियमित भाग वेगळे कसे काढायचे

नोव्हेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात मामीने मला बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी बोलावून घेतलं आणि ऑर्डरींची वही पुढे सरकवली. तिचा मसाले, पापड, कुरडया आणि दिवाळीच्या फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. आधीच्या वर्षी ऑक्टोबरात ५१० ऑर्डरी होत्या, त्या वर्षी ३४८. "अरे, दीडशेच्या वर कमी झाल्या. भाव वाढवले तिथेच चुकलं का?" असं तिने विचारलं. त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोव्हेंबर संपला तेव्हा त्या महिन्याच्या ऑर्डरी आदल्या वर्षीच्या १८३ वरून ४२० वर गेल्या होत्या. धंदा जागेवरच होता, सरकली होती ती दिवाळी. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला.

महिन्याच्या आकड्यांमधून कल, हंगाम आणि अनियमित भाग वेगळे काढायची जी नेहमीची रीत आहे, ती पुस्तकात दिली आहे तशीच लावली तर आपल्याकडच्या धंद्यात नेमकी इथे फसते. म्हणून मामीच्या २०२२ ते २०२५ या चार वर्षांच्या आकड्यांवर ती पूर्ण करून दाखवतो. आधी साध्या रीतीने, मग दुरुस्त करून. यासाठी स्प्रेडशीट पुरते.

आधी वही सरळ करा

एका फोनवर कुणी दोन किलो गोडा मसाला आणि चार डझन पापड सांगितले तर ती एक ऑर्डर. हा नियम चारही वर्षांना सारखाच लावायचा. मामीच्या वहीत २०२२ मध्ये काही ठिकाणी प्रत्येक जिनसाची वेगळी ओळ होती. त्या ओळी एकत्र केल्या नसत्या तर पहिलं वर्ष फुगलं असतं आणि धंदा उतरणीला लागल्यासारखा दिसला असता. दुसरी गोष्ट तारखेची. ऑर्डर आली ती तारीख धरायची की माल दिला ती, हे एकदाच ठरवायचं. मी आलेली तारीख धरली, कारण डाळ-तांदूळ कधी भरायचे आणि बायका कामावर कधी वाढवायच्या, हे तिच्यावरून ठरतं.

वर्षं किती हवीत? कमीत कमी तीन, चार असली तर बरं. पुढे दिसेल की दोन्ही टोकांचे सहा-सहा महिने हिशेबातून निसटतात. चार वर्षांतून प्रत्येक महिन्याला तीनच नोंदी मिळतात आणि तीन वर्षांतून दोनच. दोन नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर खरी कोणती हे ठरवायला तिसरी उरत नाही.

बेरीज की गुणाकार

महिन्याची ऑर्डरसंख्या तीन भागांची बनलेली असते. पहिला कल, म्हणजे धंदा एकंदर कुठे चालला आहे. दुसरा हंगाम, म्हणजे दरवर्षी त्याच महिन्यात येणारा चढउतार. आणि या दोन्हींत न बसणारा तिसरा, अनियमित भाग. हे तीन भाग बेरजेने जोडलेले मानायचे की गुणाकाराने, हे आधी पाहावं लागतं. मामीचा एप्रिल वर्षभराच्या मसाल्यांचा, म्हणून मोठा. जुलै पावसाचा, म्हणून मंद. २०२२ मध्ये एप्रिलला २८१ आणि जुलैला १५७ ऑर्डरी होत्या. २०२३ मध्ये ३१३ आणि १८०, २०२४ मध्ये ३३९ आणि १९३. दोन महिन्यांतलं अंतर १२४, १३३, १४६ असं दरवर्षी वाढत गेलं आहे, पण भागाकार १.७९, १.७४, १.७६ असा जवळपास तोच राहिला. अंतर वाढतं आणि प्रमाण टिकतं, तेव्हा गुणाकार घ्यायचा. वाढत्या धंद्यात बहुधा असंच निघतं. एखाद्या महिन्यात शून्य ऑर्डरी असतील तर मात्र गुणाकार चालत नाही.

कल: बारा महिन्यांची चलसरासरी

सरासरीत बाराही महिने एकेकदा आले की हंगाम आपोआप पुसला जातो. अडचण एवढीच की बारा ही सम संख्या असल्यामुळे सरासरीचा मध्य दोन महिन्यांच्या मधोमध पडतो. म्हणून तेरा महिने घेतात आणि दोन्ही टोकांचे महिने अर्धे धरतात. टोकांना एकच महिना असतो, म्हणजे अर्धा अधिक अर्धा मिळून तोही एकदाच मोजला जातो.

ऑक्टोबर २०२२ चा कल काढू. एप्रिल २०२२ चे अर्धे १४०.५ आणि एप्रिल २०२३ चे अर्धे १५६.५ मिळून २९७ झाले. मधल्या मे ते मार्च या अकरा महिन्यांची बेरीज २६१९. एकूण २९१६, भागिले १२, म्हणजे २४३. त्या महिन्यात ऑर्डरी ५१० होत्या. ५१० भागिले २४३ म्हणजे २.१०, अर्थात तो महिना कलाच्या सव्वादोन पटीच्या जरा खाली होता. असं गुणोत्तर प्रत्येक महिन्याचं काढायचं, मग एकाच नावाच्या महिन्यांची सरासरी घ्यायची, की त्या महिन्याचा हंगामी निर्देशांक मिळतो. पुस्तकी रीत एवढीच. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरसाठी ती लावल्यावर हे निघालं:

| वर्ष | लक्ष्मीपूजन | ऑक्टोबर | नोव्हेंबर |
|---|---|---|---|
| २०२२ | २४ ऑक्टोबर | २.१० | ०.७४ |
| २०२३ | १२ नोव्हेंबर | १.२९ | १.५४ |
| २०२४ | ऑक्टोबरअखेर | २.०९ | ०.७५ |
| सरासरी | | १.८३ | १.०१ |

(२०२४ ला लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, यावर पंचांगांचं एकमत नव्हतं. ऑर्डरी मात्र ऑक्टोबरातच येऊन गेल्या.)

ऑक्टोबरचा निर्देशांक १.८३ आला, पण मामीने असा ऑक्टोबर एकदाही पाहिलेला नाही. त्याने भागलं की २०२३ च्या ऑक्टोबरचा अनियमित भाग ०.७० येतो आणि नोव्हेंबरचा १.५२. म्हणजे ज्याची तारीख पंचांगात आधीच छापलेली होती, त्या घटनेला ही रीत अपघात म्हणते.

चूक एप्रिलपर्यंत पोचते

बिघाड ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरताच असेल असं मला वाटलं होतं. मग कलाचा रकाना वरून खाली वाचला. फेब्रुवारी ते जून २०२३ चा कल असा होता: २५०.८, २५२.६, २४७.०, २५०.१, २६०.८. संथ चढणारी रेघ एप्रिलमध्ये खाली येते आणि जूनमध्ये उडी मारते. त्या एप्रिलमध्ये मामीच्या घरी काहीच वेगळं घडलं नव्हतं.

कारण सरासरीच्या चौकटीत आहे. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ हे बारा महिने पाहा. २०२२ ची दिवाळी त्यांच्या आधी संपली आणि २०२३ च्या दिवाळीच्या ३३० ऑर्डरींपैकी ऑक्टोबरअखेरपर्यंत १२० च आल्या. म्हणजे त्या वर्षभरात जेमतेम एकतृतीयांश दिवाळी आहे. उलट नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ मध्ये एका दिवाळीचे उरलेले २१० आणि पुढच्या दिवाळीचे सगळे ३६५ आले, म्हणजे दीड दिवाळीहून जास्त. या चौकटींचा मध्य एप्रिल-मेमध्ये पडतो. म्हणून कल एप्रिल २०२३ ला खोटा बसतो आणि एप्रिल २०२४ ला खोटा फुगतो.

त्याचा परिणाम थेट मसाल्याच्या हंगामावर होतो. एप्रिलचं गुणोत्तर २०२३ मध्ये १.२७ आणि २०२४ मध्ये १.१६ आलं. एवढ्यावर विश्वास ठेवला असता तर मसाल्याची मागणी घटते आहे असं समजून मी मामीला मिरची कमी भरायला सांगितलं असतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. कलाची रेघ काढा. तिला वळण आहे, पण त्या महिन्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, तर तिथून सहा महिने मागे आणि सहा महिने पुढे पाहा. तिथे सरकणारा सण सापडला तर दोष त्याचा.

दिवाळी वेगळी काढा

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून दिवाळी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. अधिक महिना आला की ती एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. २०२३ ला अधिक श्रावण होता आणि यंदा, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे. इंग्रजी महिन्याच्या चौकटीत हा हंगाम मावतच नाही. म्हणून त्याला त्या चौकटीतून बाहेर काढून त्याच्या स्वतःच्या घड्याळावर मोजायचं.

मामीच्या वहीत फराळाची ऑर्डर ओळखता येते, त्यामुळे काम सोपं झालं. फराळाच्या ऑर्डरी एका रकान्यात घेतल्या आणि एकूणमधून वजा केल्या. ज्यांच्या वहीत अशी ओळख नाही त्यांनी लक्ष्मीपूजनाआधीच्या २५ दिवसांच्या ऑर्डरी मोजाव्यात आणि त्यातून त्या सुमाराच्या साध्या २५ दिवसांत जितक्या येतात तितक्या वजा कराव्यात. जे वर उरेल ती दिवाळी. हा अंदाज ढोबळ आहे, पण १.८३ पेक्षा खूप बरा.

पत्रकाची मांडणी अशी. A मध्ये महिन्याची पहिली तारीख, B मध्ये एकूण ऑर्डरी, C मध्ये दिवाळीच्या. जानेवारी २०२२ दुसऱ्या ओळीत आणि डिसेंबर २०२५ एकोणपन्नासाव्या ओळीत. D, G आणि H मधलं सूत्र दुसऱ्या ओळीपासून खालपर्यंत ओढायचं. E, F आणि I मधलं आठव्या ओळीपासून त्रेचाळीसाव्यापर्यंत, म्हणजे जुलै २०२२ ते जून २०२५.

```
D2: =B2-C2
E8: =(D2/2+SUM(D3:D13)+D14/2)/12
F8: =D8/E8
G2: =MEDIAN(FILTER(F$8:F$43, MONTH(A$8:A$43)=MONTH(A2)))
H2: =G2*12/SUM(G$2:G$13)
I8: =F8/H8
```

E मध्ये कल, F मध्ये गुणोत्तर, H मध्ये निर्देशांक आणि I मध्ये अनियमित भाग. H चं काम एवढंच की बारा निर्देशांकांची बेरीज बरोबर १२ व्हावी. माझी ११.९८ आली होती, म्हणून फरक नावालाच पडला. तुमची बेरीज १२ पासून बरीच दूर असेल तर H ने ती झाकू नका. आधी चूक शोधा. बहुतेक वेळा एखादी ओळ सुटलेली असते.

दिवाळी वजा केल्यावर ऑक्टोबरची तीन गुणोत्तरं ०.९६, ०.९४, ०.९६ आली आणि नोव्हेंबरची ०.८३, ०.८६, ०.८४. एप्रिल २०२३ ला १.३६ आणि २०२४ ला १.३३. मसाल्याची मागणी कुठेही गेली नव्हती. कलाची रेघही महिन्याला साधारण दोन ऑर्डरी अशी शांत चढत गेली: ऑक्टोबर २०२२ ला २१८, वर्षाने २४२, आणखी वर्षाने जवळपास २६७.

सरासरीऐवजी मध्यक का

G मध्ये मी सरासरी न घेता मध्यक घेतला, म्हणजे तीन आकडे चढत्या क्रमाने लावून मधला उचलायचा. कारण ऑगस्ट २०२४. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला आणि बडोद्याच्या कितीतरी भागांत पाणी शिरलं. मामीकडे त्या ऑगस्टात २०६ ऑर्डरी आल्या, जेव्हा कल २६२ चा होता. लगेच ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि सप्टेंबरात ३०८ ऑर्डरी झाल्या.

ऑगस्टची तीन गुणोत्तरं १.०२, ०.९८, ०.७९. यांची सरासरी ०.९३ आणि मध्यक ०.९८. सप्टेंबरची ०.९४, ०.९६, १.१७. सरासरी १.०२, मध्यक ०.९६. सरासरी घेतली तर एका वर्षाचा पूर कायमचा हंगाम होऊन बसतो आणि पुढच्या प्रत्येक ऑगस्टला मामी माल कमी भरते. मध्यक घेतला तर तो पूर अनियमित रकान्यात जातो. त्या दोन महिन्यांचा अनियमित भाग ०.८० आणि १.२१ आला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते: पाण्यामुळे ऑर्डरी बुडाल्या नव्हत्या, पुढच्या महिन्यात गेल्या होत्या. बाकीच्या महिन्यांत हा आकडा ०.९७ ते १.०४ च्या आतच फिरतो. म्हणून आमच्याकडे ०.९५ च्या खाली किंवा १.०५ च्या वर गेलेल्या महिन्याचंच कारण शोधायचं. त्याच्या आतल्या चढउताराचं कारण विचारलं की माणूस गोष्टी रचायला लागतो.

अनियमित रकाना मुद्दाम वेगळा वाचावा. तो नुसता वरखाली डोलत असेल तर काम बरं झालं आहे. पण एकाच महिन्यात दरवर्षी त्याच बाजूला झुकत असेल तर हंगाम अजून त्यात शिल्लक आहे. एक महिना खाली, लगेच पुढचा वर, असं दिसलं तर सरकणारा सण किंवा पुढे ढकललेल्या ऑर्डरी. गणपतीही ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या सीमेवर सरकतात. मामीकडे गणपतीच्या ऑर्डरी थोड्या असतात, म्हणून मी ते सोडून दिलं. मोदकांचा धंदा असलेल्याला सोडता येणार नाही.

पायथॉन वापरणाऱ्यांनी D रकानाच `d` या नावाने STL ला, म्हणजे हेच तीन भाग वेगळे काढणाऱ्या तयार पद्धतीला, द्यावा. STL मुळात बेरजेचं आहे, म्हणून आधी लॉग घ्यायचा. `robust=True` दिलं की पुरासारख्या महिन्यांचं वजन कमी होतं.

```python
import numpy as np
from statsmodels.tsa.seasonal import STL
r = STL(np.log(d), period=12, robust=True).fit()
hangam = np.exp(r.seasonal)
```

`d` ऐवजी एकूण ऑर्डरी दिल्या तर दिवाळी इथेही तेवढाच गोंधळ घालते. साधन बदललं म्हणून पंचांग त्याला कळत नाही.

२०२६ चा ऑक्टोबर

शेवटच्या सहा महिन्यांचा कल या रीतीत मिळतच नाही, कारण चलसरासरीला पुढचे महिने लागतात. मामीच्या कलाची शेवटची खरी नोंद जून २०२५ ची, २८२. तिथून पुढे मी महिन्याला दोन ऑर्डरी याच वेगाने रेघ वाढवली. हा अंदाज आहे आणि जितका लांब न्याल तितका कच्चा होत जातो.

ऑक्टोबर २०२६ पर्यंत सोळा महिने, म्हणजे कल ३१४. त्याला ०.९६ ने गुणलं की साध्या ऑर्डरी ३०१. दिवाळीच्या ऑर्डरी चार वर्षांत ३००, ३३०, ३६५, ४०० अशा वाढल्या, म्हणून यंदा ४४० च्या आसपास धरल्या. त्या दोन महिन्यांत कशा वाटायच्या? इथे वही पुन्हा उघडली आणि प्रत्येक फराळाच्या ऑर्डरीपुढे, ती आली तेव्हा लक्ष्मीपूजनाला किती दिवस बाकी होते, ते लिहिलं. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे ऑक्टोबर संपताना आठ दिवस बाकी असतील. आठ किंवा त्याहून जास्त दिवस आधी येणाऱ्या ऑर्डरी चारही वर्षं साठ टक्क्यांच्या आसपास होत्या. म्हणून २६४ ऑक्टोबरात आणि १७६ नोव्हेंबरात.

ऑक्टोबरची एकूण ५६५ झाली. २०२५ च्या ऑक्टोबरात ६५२ होत्या, कारण तेव्हा लक्ष्मीपूजन २०-२१ तारखेला होतं. नोव्हेंबरला कल ३१६, निर्देशांक ०.८४, म्हणजे २६५. त्यात १७६ मिळवले की ४४१. गेल्या नोव्हेंबरात २४३ होत्या.

अनारशांचा प्रश्न मात्र आकड्यांबाहेरचा आहे. अधिक महिन्यात जावयाला अनारसे द्यायची रीत, आणि यंदा मे-जूनमध्ये त्यांच्या ऑर्डरी घ्यायचं मामीने पहिल्यांदाच ठरवलं आहे. त्यांना मागचा आकडा नाही, म्हणून C च्या शेजारी त्यांचा एक वेगळा रकाना आतापासूनच आखून ठेवला. नाहीतर पुढच्या वर्षी जून मंद पडल्यासारखा दिसेल.

हे सगळं एका कागदावर लिहून मी मामीला दिलं: ऑक्टोबरात ५३५ ते ५९५, नोव्हेंबरात ४२० ते ४६०. तिने तो मसाल्याच्या डब्यांच्या वर, कॅलेंडरशेजारी चिकटवला आणि विचारलं, "म्हणजे चकलीच्या भाजणीचं दुसरं दळण दसऱ्याला नको, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ना?" हो, शेवटच्या आठवड्यात. ५३५ च्या खाली गेलं तर मात्र त्याच दिवशी फोन कर, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.